सिमिली म्हणजे उपमा, मग उत्प्रेक्षेसमोर काय लिहावे?

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी माध्यमातून दहावीला आहे. तिने वहीत तक्ता केला आहे : सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, फिगर ऑफ स्पीच म्हणजे अलंकार, मूड म्हणजे रस. उत्प्रेक्षेसमोरची जागा मात्र रिकामी आहे. इंग्रजीत उत्प्रेक्षेला शब्दच नाही का?

उत्तर : रूढ असा एक शब्द नाही, आणि ती रिकामी जागा हीच त्या तक्त्यातील सर्वांत खरी नोंद आहे. बाकीच्या ओळी भरल्या गेल्या असल्या तरी त्यांतील एकही पूर्ण जुळत नाही. उत्प्रेक्षेने ते उघडे पाडले इतकेच. मी पंचवीसहून अधिक वर्षे पदवीच्या वर्गांना मराठी काव्य शिकवले आणि त्याच काळात मराठी कवितेचे इंग्रजी अनुवादही केले. या दोन्ही कामांत सर्वाधिक अडखळणे झाले ते याच जागी, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इंग्रजी परंपरेत सिमिली आणि मेटाफर यांच्यातील सीमा एका शब्दाने आखली जाते. वाक्यात ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ असेल तर सिमिली, नसेल तर मेटाफर, असे तेथील शाळांत शिकवतात. याचे मूळ फार जुने आहे. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात अकिलीजचे उदाहरण घेतले आहे : ‘तो सिंहासारखा झेपावला’ म्हटले की उपमेसारखी रचना होते आणि ‘सिंह झेपावला’ म्हटले की मेटाफर होतो, आणि या दोहोंत फरक अगदी थोडा आहे, असे तो सांगतो. म्हणजे त्याच्या लेखी गोष्ट एकच, फक्त एक शब्द ठेवला किंवा काढला.

आपल्या आलंकारिकांनी प्रश्नच वेगळा विचारला. त्यांनी साधर्म्याचा शब्द आहे की नाही यापेक्षा, बोलणारा त्या दोन वस्तूंमधील भेदाचे काय करतो आहे हे पाहिले. तो भेद मान्य करतो, विसरतो, लपवतो, नाकारतो, की त्याविषयी गोंधळतो? प्रत्येक उत्तराला वेगळा अलंकार मिळाला. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. सोळाव्या शतकातील अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत येताना त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. त्याच अप्पय्य दीक्षितांनी चित्रमीमांसेत म्हटले आहे की उपमा ही एकटीच नटी आहे आणि तीच निरनिराळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगमंचावर नाचते. मुख आणि चंद्र ही एकच जोडी घेऊन, केवळ सांगण्याची रीत बदलत, त्यांनी एकामागून एक अलंकार करून दाखवले आहेत.

त्यांची जोडी फार वापरून झिजली आहे, म्हणून मुलीला समजावताना भाकरी आणि चंद्र घ्या. ‘ही भाकरी चंद्रासारखी गोल आहे’ ही उपमा झाली. भाकरी वेगळी, चंद्र वेगळा, दोघांत गोलाई समान, आणि ‘सारखी’ हा शब्द त्या दोघांना शेजारी उभे करतो. ‘भाकरी हाच आमच्या घरातला चंद्र’ म्हटले की रूपक झाले. दोन्ही वस्तू वाक्यात दिसतात, परंतु भेद बाजूला ठेवून त्यांना एक मानले आहे. ‘ही भाकरी नव्हे, चंद्रच आहे’ म्हटले की अपन्हुती, कारण आता भाकरीचे भाकरीपण उघड नाकारले. ‘ही भाकरी की चंद्र?’ यात ससंदेह आहे. चकोर ती भाकरी चंद्र समजून खिडकीशी येऊन बसला, असे वर्णन केले तर भ्रांतिमान होतो, कारण येथे चूक खरोखर घडली आहे, फक्त ती चकोराची आहे. ‘चंद्र महिन्यातून एकदाच पूर्ण होतो, भाकरी रोज होते’ हा व्यतिरेक. येथे उपमेयच उपमानावर मात करते. आणि ‘भाकरीसारखी भाकरीच’ हा अनन्वय.

आता यांपैकी अपन्हुती, ससंदेह आणि भ्रांतिमान इंग्रजी तक्त्यात कोठे ठेवणार? अपन्हुतीला तेथील शिक्षक बहुधा मेटाफर म्हणतील, ससंदेहाला कदाचित नुसता प्रश्न, आणि भ्रांतिमानाला काहीच नाव देणार नाहीत. ते चूक करतात असे नाही. त्यांच्या पट्टीवर त्या खुणाच नाहीत.

उत्प्रेक्षा या रांगेत उपमा आणि रूपक यांच्या मधोमध येते. ‘ही भाकरी म्हणजे जणू तव्यावर उतरलेला चंद्रच.’ बोलणाऱ्याला ठाऊक आहे की चंद्र तव्यावर उतरत नाही. तरी तो क्षणभर तशी कल्पना करतो आणि ती कल्पना आहे हे ‘जणू’ म्हणून कबूलही करतो. मम्मटाने उत्प्रेक्षेची व्याख्या ‘संभावना’ या एका शब्दावर उभी केली आहे : प्रस्तुत वस्तू ही तिच्यासारखी दुसरी वस्तूच असावी, असे वाटणे. उपमेत तुलना आहे, रूपकात निश्चय आहे आणि उत्प्रेक्षेत वाटणे आहे.

येथे शाळेतील नेहमीची युक्ती तोकडी पडते. मुलांना शब्दांच्या दोन याद्या दिल्या जातात. सारखा, प्रमाणे, परी, सम, तुल्य हे शब्द दिसले की उपमा, आणि जणू, जणूकाही, गमे, भासे, वाटे हे दिसले की उत्प्रेक्षा. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते. परंतु दंडीने काव्यादर्शात सांगून ठेवले आहे की संस्कृतातील ‘इव’ हा शब्द उपमेचाही वाचक असतो आणि उत्प्रेक्षेचाही. म्हणजे शब्दावरून निर्णय लागत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीच ओळखले गेले होते. त्याने त्यासाठी मृच्छकटिकात आढळणारी एक ओळ घेतली :

लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः।

अंधार जणू अंगांना लेप लावतो आहे, आकाश जणू काजळ वर्षते आहे. या ओळीत ‘इव’ आहे म्हणून काहींनी तिला उपमा म्हटले. दंडी विचारतो, उपमा असेल तर उपमान कोणते? ‘लिम्पति’ हे तर क्रियापद आहे आणि क्रियापद उपमान होऊ शकत नाही. अंधार कशासारखा आहे हे कवी सांगतच नाही. अंधार काय करतो आहे असे वाटते, तेवढे तो सांगतो. म्हणून ही उत्प्रेक्षा. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आजही वर्गात तसाच्या तसा चालतो आणि मराठीलाही लागू पडतो. वाक्यातील ‘जणू’ उचला आणि विचारा, ‘कशासारखे?’ उत्तरादाखल जगात खरोखर असलेली एखादी वस्तू बोटाने दाखवता आली, तर बहुधा उपमा आहे. एखादी घटना सांगावी लागली, आणि तीही न घडलेली, तर ती उत्प्रेक्षा.

हा फरक केवळ परीक्षेतील गुणांपुरता आहे असे मलाही तरुणपणी वाटत असे. अनुवाद करताना तो समज गेला. एका कवीच्या हस्तलिखितात अशा अर्थाची ओळ होती की गाव निजले, जणू कोणी त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवला. मी ‘जणू’ला सवयीने ‘लाइक’ लावला आणि तेथेच फसलो, कारण ‘लाइक’ला पुढे एक नाम हवे असते. ते मी पुरवले : गाव एखाद्या लहान मुलासारखे निजले, ज्याच्या डोळ्यांवरून हात फिरवला आहे. इंग्रजी वाक्य सुरेख वाचले जात होते. परंतु मूळ ओळीत मूल नव्हतेच. तेथे हात होता, आणि तो कोणाचा हे न सांगितल्यामुळे त्या ओळीत जी धास्ती होती (निजलेल्यांच्या डोळ्यांवरून हात फिरवतात, तसा गेलेल्यांच्याही फिरवतात) ती माझ्या मुलाने पार घालवली. उत्प्रेक्षेची उपमा करायला गेले की असे एक उपमान पदरचे घालावे लागते. पुढे मी तेथे ‘ॲज इफ’ वापरून ओळ पुन्हा लिहिली. इंग्रजीत उत्प्रेक्षेसाठी नाव नसले तरी ती उभी करणारी रचना आहे, आणि ती हीच. फक्त तिकडचे शिक्षक त्या रचनेलाही सिमिलीतच मोजतात. तेव्हा मुलीच्या रिकाम्या जागेत ‘ॲज इफ लावून केलेली कल्पना, इंग्रजीत हिला सिमिलीचा प्रकार धरतात’ असे पूर्ण वाक्य लिहावे. एक शब्द शोधू नये.

मेटाफर आणि रूपक यांची जोडी वरवर पक्की दिसते, पण तिच्यातील गफलत अधिक खोल आहे. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही हजर असावी लागतात. भाकरीही दिसली पाहिजे आणि चंद्रही. ‘आईने तव्यावरून चंद्र उतरवला’ या वाक्यात भाकरी नाहीच. उपमानाने उपमेय गिळून टाकले आहे. इंग्रजीत हा निःसंशय मेटाफर आहे. आपल्याकडे मात्र मम्मट याला रूपक म्हणत नाही. तो याला अतिशयोक्तीचा पहिला प्रकार म्हणतो, आणि पुढच्या काहींनी त्यालाच रूपकातिशयोक्ती असे सोयीचे नाव दिले. आता ॲरिस्टॉटलचे ‘सिंह झेपावला’ पुन्हा वाचा. अकिलीजचे नाव त्या वाक्यात नाही. मेटाफरचे जे उदाहरण पाश्चात्त्य परंपरेच्या उगमाशी आहे, तेच आपल्या काटेकोर हिशेबाने रूपक ठरत नाही!

गोंधळ वाढतो तो यामुळे की आजच्या शालेय मराठीत अतिशयोक्ती म्हणजे केवळ फुगवून सांगणे, म्हणजे इंग्रजीतील हायपरबोली. तो अर्थ चुकीचा नाही, संस्कृतातील अतिशयोक्तीच्या इतर प्रकारांत तोही येतोच. परंतु गिळलेल्या उपमेयाचा प्रकार शालेय पुस्तकांतून जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याची उदाहरणे कधी रूपकात, कधी प्रतिमेत जाऊन बसली. म्हणून दहावीच्या उत्तरात ‘आईने तव्यावरून चंद्र उतरवला’ यासारखी ओळ आली आणि तीवर रूपक असे लिहिले, तर मी परीक्षक म्हणून गुण देईन. पण त्याच मुलीने पुढे संस्कृत काव्यशास्त्र घेतले, तर तिला हे उत्तर विसरावे लागेल.

मेटाफरला खरोखर समांतर असे आपल्याकडे काही शोधायचे असेल, तर ते अलंकारांच्या यादीत नसून शब्दशक्तींच्या प्रकरणात आहे, असे माझे मत आहे. इंग्रजीत मेटाफर हे काव्यातील नटवेपणाचे नाव नाही. शब्द आपला मूळ अर्थ सोडून दुसऱ्या अर्थावर कसा जातो, त्या व्यापाराचे ते नाव आहे. त्या व्यापाराला आपण लक्षणा म्हणतो. ‘गंगायां घोषः’, म्हणजे गंगेवर गौळवाडा आहे, हे त्याचे शास्त्रातील ठरलेले उदाहरण. प्रवाहावर वाडा असू शकत नाही, म्हणून ‘गंगा’ शब्दाचा अर्थ सरकून काठावर जातो. मराठीच्या पुस्तकांत ‘बाबा ताटावर बसले’ हे वाक्य याच कामासाठी येते. येथे साम्य कोठेच नाही. ताट आणि जेवण यांचा निकटचा संबंध आहे. इंग्रजी याला मेटॉनिमी म्हणते. आणि जेथे अर्थ साम्यावरून सरकतो, ‘तो मुलगा सिंह आहे’, तेथे मम्मट गौणी लक्षणा म्हणतो. तिचेही दोन भाग तो करतो, दोन्ही वस्तू दिसणारी सारोपा आणि एक गिळलेली साध्यवसाना. रूपक पहिलीवर उभे असते, वर सांगितलेली अतिशयोक्ती दुसरीवर. मेटाफर आणि मेटॉनिमी ही इंग्रजीतील प्रसिद्ध जोडी आपल्याकडे अशी एकाच छताखाली, शेजारशेजारच्या खोल्यांत सापडते. ती अलंकारांत शोधणाऱ्याला मेटॉनिमी मिळतच नाही आणि तो ‘मराठीत याला शब्द नाही’ असे लिहून मोकळा होतो.

याच कारणाने ‘फिगर ऑफ स्पीच म्हणजे अलंकार’ ही ओळही थोडी सैल ठेवावी. अलंकारात यमक, अनुप्रास हे नादाचे प्रकार येतात आणि लक्षणा येत नाही. यमकाविषयी एवढेच सांगतो की मराठीत कडव्याच्या शेवटी जुळणाऱ्या अक्षरांना आपण यमक म्हणतो आणि ते राइमला व्यवस्थित जुळते. संस्कृतात मात्र तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा आली तर यमक होते. चेतनगुणोक्ती आणि पर्सॉनिफिकेशन यांची जोडी निर्धास्त लिहावी. ती इतकी नीट जुळते याचे कारण ते नाव जुन्या संस्कृत याद्यांतले नाही. तेथे अशी पुष्कळ उदाहरणे समासोक्तीत जातात. प्रतिमा आणि प्रतीक हेही शब्द इमेज आणि सिंबल या कल्पनांसाठी आधुनिक समीक्षेने रुळवले. ज्या संज्ञा इंग्रजीसमोर ठेवून वापरात आणल्या त्या तंतोतंत बसतात. ज्या आधीपासून आपल्या घरच्या होत्या त्या बसत नाहीत.

आता शेवटची ओळ, मूड म्हणजे रस. ही मात्र खोडायला सांगा. मूड कवितेत असतो, वातावरणाचा असतो. भाव पात्राच्या मनात असतो. रस वाचणाऱ्याच्या किंवा पाहणाऱ्याच्या ठिकाणी निष्पन्न होतो. भरताच्या सूत्रात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रसनिष्पत्ती होते असे म्हटले आहे, म्हणजे रस हे कवितेला चिकटवायचे विशेषण नसून एका प्रक्रियेचे फळ आहे. म्हणूनच कवितेत ‘दुःख’ हा शब्द चार वेळा आला म्हणून करुण रस, असे उत्तर देता येत नाही. उलट रस किंवा भाव त्याच्या नावाने सांगून टाकणे हा आपल्याकडे काव्यदोष मानला आहे. रडते आहे असे न म्हणता, चुलीवरचे दूध उतू जाऊन करपले तरी ती दाराकडे पाहत उभी आहे, असे दाखवावे लागते.

एका काव्यात अनेक रस नांदतात आणि त्यांतला एक मुख्य असतो, हीही मूडमध्ये न मावणारी गोष्ट. ज्ञानेश्वरांनी 1290 साली ती ज्या चित्राने सांगितली, त्याहून चांगले मला शिकवता आलेले नाही. अकराव्या अध्यायाच्या आरंभी, विश्वरूपाचे वर्णन सुरू होण्यापूर्वी, ते म्हणतात की शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला आहे आणि त्याच्यासोबत बाकीच्या रसांनाही पंगतीचा मान मिळाला आहे. यजमान शांत, मुख्य पाहुणा अद्भुत, आणि बाकीचे पंक्तीला. अंगी रस आणि अंगरस यांचे नाते एका ओवीत स्पष्ट होते.

‘सॅड मूड’ आणि करुण रस एकच का नाहीत, हे मुलीला दोन कवितांवरून दाखवा. एकीत सैनिकाची पत्नी पत्राची वाट पाहते आहे, दुसरीत तीच पत्नी, पण तार येऊन गेली आहे. दोन्हींत रिकामी खाट आहे, दोन्हींत डोळे भरलेले आहेत, दोन्हींना इंग्रजीत ‘सॅड’ म्हणतील. आपल्याकडे पहिली कविता करुण नाहीच. ती विप्रलंभ शृंगार आहे, कारण तिच्या तळाशी रती हा स्थायी भाव जिवंत आहे. दुसरीच्या तळाशी शोक आहे. भरताने या दोहोंतील भेद फार नेमका सांगितला आहे. करुण निरपेक्ष असतो, त्यात परत भेटीची अपेक्षा उरलेली नसते. विप्रलंभ सापेक्ष असतो, औत्सुक्य आणि चिंता यांतून तो उपजतो. शोकांतिका या शब्दानेही येथे फसू नये. तो नाट्यप्रकार शेवटावरून ओळखला जातो आणि त्याच्या पहिल्या तीन अंकांत शृंगार, वीर, हास्य काहीही असू शकते.

तेव्हा कवितेत विरह दिसला की मुलीने अश्रू मोजू नयेत. उंबऱ्यावर लावलेला दिवा, जपून ठेवलेला सदरा, ताटात वाढून झाकलेला घास, असे परतण्याची वाट पाहणारे काही ओळींत शिल्लक आहे का, ते शोधावे. ते सापडले तर शृंगार लिहावे, आणि कंसात विप्रलंभ.